सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड एका दुपारी फुटला आणि लॉगमध्ये एकही चुकीचा प्रयत्न नाही : कर्बेरॉसचे तिकीट नेमके चालते कसे?

शिरोली_सिस्टिम (सोमवार, रात्री 9:40)

नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीची संगणकव्यवस्था मी गेली नऊ वर्षे सांभाळतो. सुमारे 180 संगणक आहेत, सर्वांचे लॉगिन तपासणारे दोन डोमेन कंट्रोलर आहेत आणि ईआरपीचा डेटाबेस एका वेगळ्या सर्व्हरवर चालतो. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाच्या आग्रहावरून बाहेरचे तपासणीस आले. त्यांनी स्टोअरमधील एका कारकुनाचे साधे लॉगिन मागून घेतले, आपला लॅपटॉप जोडला आणि आम्ही सर्व जण मिसळ खायला बाहेर पडलो. परत आलो तेव्हा त्यांच्या कागदावर डेटाबेसची सेवा ज्या नावाने चालते त्या आमच्या svc_erp या सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड लिहिलेला होता. हे अकाउंट 2011 साली ईआरपी बसवणाऱ्यांनी तयार केले होते आणि त्यांच्याच सांगण्यावरून ते संपूर्ण डोमेनवर अधिकार असलेल्या डोमेन अॅडमिनच्या गटात टाकलेले होते. पासवर्ड आता बदलला असल्यामुळे सांगायला हरकत नाही: तो Rankala@2011 होता. बारा अक्षरे, मोठे अक्षर, चिन्ह, आकडे, म्हणजे आमच्या धोरणाच्या सर्व अटी त्याने पूर्ण केल्या होत्या.

अहवालात या प्रकाराला कर्बेरॉस्टिंग, म्हणजे कर्बेरॉस या लॉगिनच्या पद्धतीतील तिकिटांवरचा हल्ला, म्हटले आहे. मला दोन गोष्टी समजलेल्या नाहीत. पहिली अशी की, त्या कारकुनाला डेटाबेसवर काडीचाही अधिकार नसताना डोमेन कंट्रोलरने त्याला त्या डेटाबेसचे तिकीट दिलेच कसे? दुसरी अशी की, पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर अकाउंट बंद व्हावे अशी सोय आमच्याकडे असताना ते बंद का पडले नाही आणि लॉगमध्ये चुकीच्या लॉगिनची एकही नोंद का नाही? एखादा पॅच लावायचा राहिला आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

रंकाळा_रात्री (रात्री 9:58)

माझ्या मते तपासणिसांनी प्रयत्न सावकाश केले असावेत. पाच चुकांनंतर अकाउंट बंद होणार असेल, तर चार प्रयत्न करून अर्धा तास थांबायचे आणि पुन्हा चार करायचे. आपण मर्यादा तीनवर आणावी आणि बंद राहण्याचा काळ वाढवावा. डोमेन कंट्रोलरवरील अपडेटही तपासावेत, कारण अधिकार नसलेल्याला तिकीट मिळणे ही सरळसरळ त्रुटी दिसते.

शिरोली_सिस्टिम (रात्री 10:05)

आम्ही तासाभरात परत आलो होतो. अर्ध्या तासाला चार या हिशेबाने आठ-दहा प्रयत्न झाले असते. आठ प्रयत्नांत रंकाळा सापडणे मला तरी कठीण वाटते.

तात्या_नेटवर्क (रात्री 10:20)

रंकाळा सापडायला कोल्हापुरात आठ प्रयत्न कशाला लागतात, एसटी स्टँडवर कोणालाही विचारा.

थट्टा राहू द्या. कर्बेरॉसचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव सांगतो. आमच्या कार्यालयात दर सोमवारी एका संगणकावर लॉगिन होत नसे. तीन आठवडे मी केबल बदलल्या, स्विच बदलला. शेवटी कळले की मदरबोर्डवरील सेल संपला होता, शनिवारी वीज बंद केली की घड्याळ मागे जात असे आणि कर्बेरॉस पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. शिरोली_सिस्टिम, तुमची घड्याळे एकदा तपासा.

शिरोली_सिस्टिम (रात्री 10:24)

तात्या, आमची घड्याळे बरोबर आहेत. फुटला आहे तो पासवर्ड.

मंगळवारपेठी (मंगळवार, सकाळी 7:15)

मी मूळची कोल्हापूरची असून सध्या पुण्यात हेच काम करते. रंकाळा_रात्री यांनी जे वर्णन केले तो हल्ला अस्तित्वात आहे, पण इथे तो झालेला नाही. इथे svc_erp या नावाने लॉगिन करण्याचा एकही प्रयत्न झाला नाही, म्हणून मर्यादा तीन ठेवा की एक ठेवा, काहीच फरक पडला नसता.

कारकून सकाळी लॉगिन करतो तिथून सुरुवात करू. त्याच्या पासवर्डपासून एक किल्ली तयार होते आणि त्या किल्लीने त्याचा संगणक सध्याची वेळ कुलूपबंद करून डोमेन कंट्रोलरकडे पाठवतो. तात्यांच्या घड्याळाचा संबंध येतो तो इथे. कंट्रोलरकडे तीच किल्ली असते, तो वेळ उघडून पाहतो आणि समाधान झाले की टीजीटी नावाचे पहिले तिकीट देतो. हे तिकीट krbtgt या खास अकाउंटच्या किल्लीने बंद केलेले असते, त्यामुळे कारकुनाचा संगणक ते जवळ बाळगतो, पण आत काय आहे हे त्याला वाचता येत नाही. नेहमीच्या मांडणीत हे दहा तास चालते. दिवसभर पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही तो यामुळेच.

आता त्याच्या संगणकाला डेटाबेसशी बोलायचे आहे असे समजा. प्रत्येक सेवेला डोमेनमध्ये एसपीएन नावाची ओळख दिलेली असते, उदाहरणार्थ `MSSQLSvc/erpdb.foundry.local:1433`. संगणक टीजीटी दाखवतो आणि या एसपीएनचे तिकीट मागतो. कंट्रोलर पाहतो की हा एसपीएन कोणत्या अकाउंटवर नोंदलेला आहे. तुमच्याकडे तो svc_erp वर आहे. मग तो एक नवे तिकीट बनवतो, त्यात मागणाऱ्याचे नाव आणि तो कोणकोणत्या गटांत आहे याची यादी घालतो, आणि ते सगळे svc_erp च्या पासवर्डपासून तयार झालेल्या किल्लीने बंद करून मागणाऱ्याच्या हातात देतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. मागणाऱ्याला डेटाबेस वापरण्याची मुभा आहे की नाही, हे कंट्रोलर विचारतच नाही, कारण त्याला ते माहीत नसते. डेटाबेसमध्ये कोणाला कोणते टेबल पाहता येते ही माहिती डेटाबेसपाशीच असते. कंट्रोलर फक्त "हा माणूस अमुक आहे आणि अमुक गटांत आहे" एवढी ग्वाही देतो. आत घ्यायचे की दारातून परत पाठवायचे हे सेवा ठरवते. कारकून तिकीट घेऊन डेटाबेसकडे गेला असता, तर त्याला दारातूनच हाकलले असते. तपासणीस डेटाबेसकडे गेलेच नाहीत.

मार्केट यार्डातील एका दुकानदाराने आपल्याच कुलपाने बंद केलेली पेटी तुमच्या हाती दिली आणि ती फक्त त्याच्यापर्यंत पोहोचवायला सांगितली, असे समजा. प्रामाणिक माणूस ती नेऊन देतो. दुसरा ती घरी नेतो आणि रात्रभर त्या कुलपाला एकेक किल्ली लावून पाहतो. दुकानाच्या दारावरचा पहारेकरी कितीही दक्ष असला, तरी त्याला याचा पत्ता लागत नाही.

प्रश्नचिन्ह_११ (सकाळी 8:02)

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. घरी किल्ल्या लावून पाहताना योग्य किल्ली लागली हे त्यांना कसे कळते? चुकीच्या किल्लीनेही काहीतरी बाहेर पडेलच ना? आणि दुसरे असे की, फाइल सर्व्हर आणि प्रत्येक संगणक यांनाही एसपीएन असतो असे शिकवले आहे. मग कोणाचाही पासवर्ड असाच का फुटत नाही?

मंगळवारपेठी (सकाळी 8:30)

दोन्ही प्रश्न नेमके आहेत. तिकिटाबरोबर आतील मजकुराची एक पडताळणीची बेरीज असते, जी त्याच किल्लीशिवाय जुळत नाही. अंदाज केलेल्या पासवर्डपासून किल्ली बनवायची, तिकीट उघडायचे आणि ही बेरीज जुळते का ते पाहायचे. जुळली म्हणजे पासवर्ड सापडला. ही खात्री करून घेण्यासाठी नेटवर्कची गरज लागत नाही. शिरोली_सिस्टिम यांच्या लॉगमध्ये चुकीचा प्रयत्न नाही याचे कारण एवढेच, की चुकीचे प्रयत्न तपासणिसांच्या लॅपटॉपमध्येच झाले.

संगणकांच्या अकाउंटनाही एसपीएन असतात आणि त्यांचीही तिकिटे अशीच मिळतात. पण त्यांचा पासवर्ड यंत्राने बनवलेला, लांबलचक आणि पूर्णपणे यादृच्छिक असतो, आणि नेहमीच्या मांडणीत दर 30 दिवसांनी तो आपोआप बदलतो. krbtgt चा पासवर्डही असाच यादृच्छिक असतो, फक्त तो आपोआप बदलत नाही. पेटी मिळते, पण कुलूप उघडत नाही. अडचण फक्त तिथे येते जिथे एसपीएन एखाद्या साध्या वापरकर्ता अकाउंटवर नोंदलेला असतो, कारण तिथला पासवर्ड माणसाने सुचवलेला असतो.

पॅचबद्दल सांगायचे तर, ही चूक नसून रचनाच आहे. एमआयटीत कर्बेरॉस जन्मले तेव्हापासून तिकीट सेवेच्या किल्लीनेच बंद होते, आणि विंडोजने 2000 सालच्या आवृत्तीपासून तीच पद्धत घेतली. टिम मेडिन यांनी 2014 साली डर्बीकॉन परिषदेत हा हल्ला मांडला आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले.

तात्या_नेटवर्क (सकाळी 8:41)

कर्बेरॉस म्हणजे ग्रीक पुराणातला तीन डोक्यांचा कुत्रा ना? त्याला भाजायचे कसले, आमच्याकडे पावसाळ्यात रंकाळ्यावर कणसे भाजतात तेवढे पुरे.

गूळ_आणि_गणित (सकाळी 10:10)

रंकाळा सापडायला किती वेळ लागत असेल याचा हिशेब करून पाहिला. आरसी4 या जुन्या पद्धतीने बंद केलेल्या तिकिटावर एक ग्राफिक कार्ड सेकंदाला 100 कोटी अंदाज तपासते असे धरू. खरा आकडा कार्डाप्रमाणे बदलेल, पण हिशेबाला हा पुरतो.

आठ अक्षरांचा पूर्ण यादृच्छिक पासवर्ड घेतला, तर कीबोर्डवरील 95 चिन्हांची आठ स्थाने म्हणजे सुमारे 66 लाख अब्ज शक्यता होतात आणि त्या सर्व तपासायला साधारण 77 दिवस लागतात. आता Rankala@2011 पाहा. बारा अक्षरे असल्यामुळे तो आठ अक्षरांपेक्षा बळकट वाटतो, पण तो अक्षराअक्षराने शोधायची गरजच नाही. महाराष्ट्रातील गावे, तळी, देवस्थाने, आडनावे आणि मुलांची नावे यांची 20 हजार शब्दांची यादी करा. प्रत्येक शब्द तीन प्रकारे लिहा: सगळी अक्षरे लहान, पहिले मोठे, सगळी मोठी. पुढे पाचपैकी एक चिन्ह आणि त्यापुढे 0000 ते 9999 असे सर्व आकडे लावा. एकूण 300 कोटी अंदाज होतात, म्हणजे तीन सेकंद. मिसळीची ऑर्डर येण्याआधीच काम संपले असणार.

शिरोली_सिस्टिम (सकाळी 10:32)

तीन सेकंद हे वाचून पाणी प्यावे लागले. तुम्ही आरसी4 असे मुद्दाम लिहिले आहे. अहवालातही त्याऐवजी "एईएस लागू करा" अशी शिफारस आहे. तसे केले की प्रश्न मिटतो का?

स्नेहल_इचलकरंजी (सकाळी 11:15)

आमच्या सूतगिरणीत आम्ही एईएसवरच आहोत, त्यामुळे आम्हाला हा धोका नाही असे मला वाटते. संगणकाजवळची तिकिटे दाखवणाऱ्या `klist` या आज्ञेचा माझ्याकडचा तुकडा देते.

```
Server: MSSQLSvc/yarndb.mill.local:1433 @ MILL.LOCAL
KerbTicket Encryption Type: RSADSI RC4-HMAC(NT)
Session Key Type: AES-256-CTS-HMAC-SHA1-96
```

शेवटच्या ओळीत एईएस-256 स्पष्ट दिसते आहे.

मंगळवारपेठी (दुपारी 12:05)

स्नेहलताई, तुमची फसगत झाली आहे, आणि ती अनेकांची होते. या दोन ओळी दोन वेगळ्या किल्ल्यांबद्दल बोलतात. सेशन की म्हणजे तुमचा संगणक आणि डेटाबेस यांनी आपापसांत बोलण्यासाठी कंट्रोलरने तात्पुरती बनवून दिलेली किल्ली. ती यादृच्छिकच असते, तिचा पासवर्डशी संबंध नाही. पेटीचे कुलूप कोणत्या प्रकारचे आहे हे आधीच्या ओळीत लिहिलेले असते, आणि तिथे तुमच्याकडे आरसी4 आहे. नोव्हेंबर 2022 च्या अपडेटनंतर, ज्या अकाउंटवर प्रकार ठरवून दिलेला नव्हता त्यांची सेशन की एईएसची होऊ लागली, पण तिकीट आरसी4 चेच राहू शकले. त्यामुळे शेवटची ओळ पाहून निश्चिंत झालेले बरेच जण मला भेटतात.

आरसी4 मध्ये वाईट काय आहे, तर त्याची किल्ली म्हणजे पासवर्डचा एनटी हॅशच असतो. पासवर्डवर एमडी4 एकदा फिरवायचे, की किल्ली तयार. मध्ये मीठ नाही, म्हणजे पासवर्डमध्ये वेगळे काही मिसळले जात नाही, आणि फेऱ्याही नाहीत. एईएसची किल्ली बनवताना डोमेनचे आणि अकाउंटचे नाव मिसळले जाते आणि 4096 फेऱ्या केल्या जातात, त्यामुळे प्रत्येक अंदाज कित्येक पटींनी महाग पडतो.

गूळ_आणि_गणित (दुपारी 12:40)

मग माझा हिशेब पुढे नेतो. एईएसमुळे वेग एक हजार पटींनी घटला, म्हणजे सेकंदाला 10 लाख अंदाज उरले असे धरू. तेच 300 कोटी अंदाज आता 3000 सेकंद घेतील, म्हणजे 50 मिनिटे. वेग दहा हजार पटींनी घटला असे धरले तरी आठ-साडेआठ तास. शिरोली_सिस्टिम, मिसळीऐवजी तांबडा-पांढरा जेवून, वामकुक्षी घेऊन परत आला असतात, तरी पासवर्ड कागदावर असता.

मंगळवारपेठी (दुपारी 12:52)

अगदी बरोबर. एईएस लावणे योग्यच आहे, पण Rankala@2011 ला ते वाचवू शकत नाही. पासवर्ड यादृच्छिक आणि 25 अक्षरांपेक्षा मोठा असेल, तर आरसी4 चे तिकीटसुद्धा अंदाजाने फुटत नाही. क्रम लावायचा झाला तर मी पासवर्ड आधी घेईन आणि एईएस नंतर.

स्नेहल_इचलकरंजी (दुपारी 4:30)

आपले वाचून मी तातडीने आमच्या डेटाबेसच्या अकाउंटवर एईएस-256 ची खूण केली, आरसी4 काढले आणि अर्ध्या तासात उत्पादन विभागाचे फोन सुरू झाले. नव्याने लॉगिन करणाऱ्या कोणालाच डेटाबेस उघडत नव्हता. कंट्रोलरच्या लॉगमध्ये 0xE हा कोड दिसत होता. खूण परत काढली, तेव्हा सगळे सुरळीत झाले. एईएस आमच्या डेटाबेसला चालत नाही असे समजायचे का?

मंगळवारपेठी (सायंकाळी 5:10)

0xE चा अर्थ असा की मागितलेल्या प्रकारची किल्ली कंट्रोलरपाशी नव्हती. त्या अकाउंटचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला होता ते पाहा. डोमेन 2008 च्या पातळीवर येण्यापूर्वी ठेवलेला पासवर्ड असेल, तर त्याच्या एईएस किल्ल्या कधी तयारच झालेल्या नसतात. किल्ल्या पासवर्ड बदलताना बनतात, आणि कंट्रोलरला मूळ पासवर्ड माहीत नसल्यामुळे नंतर त्या मागे जाऊन बनवता येत नाहीत. आधी पासवर्ड बदला, मग खूण करा.

स्नेहल_इचलकरंजी (सायंकाळी 5:25)

PasswordLastSet मध्ये 2006 दिसते आहे. तेव्हा मी शाळेत होते.

उजळाईवाडी (रात्री 9:05)

सगळी चर्चा पासवर्डवर चालली आहे, पण हे पकडणेही अवघड नाही असे माझे मत आहे. प्रत्येक सेवा तिकिटाची नोंद कंट्रोलरवर 4769 या क्रमांकाने होते, त्यात तिकिटाचा प्रकार असतो आणि आरसी4 साठी तो 0x17 असतो. 0x17 दिसले की धोक्याची घंटा वाजवायची. आमच्याकडे मी हेच लावले आहे.

शिरोली_सिस्टिम (रात्री 9:20)

मी आत्ताच पाहिले. आमच्या एका कंट्रोलरवर ही नोंद चालूच नव्हती. दुसऱ्यावर होती, पण लॉगचा आकार लहान असल्यामुळे दोन दिवसांपूर्वीच्या नोंदी पुसल्या गेल्या आहेत. जे शिल्लक आहे त्यात 0x17 च्या शेकडो नोंदी आहेत आणि त्या सगळ्या svc_erp च्या, म्हणजे आमच्याच कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या कामाच्या आहेत.

मंगळवारपेठी (रात्री 9:45)

त्यामुळेच 0x17 ची घंटा शेवटी लावायची असते. रोजचे काम आरसी4 वर चालत असेल, तर चोराची नोंद त्या गर्दीत मिसळून जाते. सर्व सेवा एईएसवर नेल्यानंतर 0x17 दुर्मिळ होते आणि मगच ती नोंद काही सांगू लागते. त्याआधी उपयोगी पडते ती वेगळी खूण: एकाच वापरकर्त्याने दोन मिनिटांत दहा-पंधरा वेगवेगळ्या सेवांची तिकिटे मागितली का? स्टोअरच्या कारकुनाला एका मिनिटात बॅकअप, डेटाबेस आणि अहवाल यांच्या सेवा लागण्याचे कारण नाही.

दुसरा उपाय म्हणजे एक खोटे अकाउंट तयार करायचे, त्याला एसपीएन द्यायचा, पासवर्ड अतिशय लांब ठेवायचा आणि ते कोणत्याही कामाला जोडायचे नाही. त्याचे तिकीट मागण्याचे प्रामाणिक कारण कोणापाशीच नसते, त्यामुळे त्यावर एक 4769 आली तरी उठून पाहायचे.

उजळाईवाडी (रात्री 10:02)

खोट्या अकाउंटबद्दल मी साशंक आहे. त्यावर कधीच लॉगिन झालेले नाही हे डिरेक्टरीत कोणालाही वाचता येते. थोडा सावध चोर ते टाळेल, आणि ईआरपीचे एकच तिकीट, तेही एईएसचे, कामाच्या वेळेत मागेल. ते तुम्ही कशावरून ओळखणार?

मंगळवारपेठी (रात्री 10:11)

ते ओळखता येणार नाही, हे मान्य आहे. ती नोंद आणि कर्मचाऱ्याची नोंद सारखीच दिसेल. तपासणिसांची आणि घाईत असलेल्यांची पद्धत मात्र सर्व तिकिटे एकदम ओढण्याची असते, आणि ते खोट्या अकाउंटवर अडकतात. सर्वांसाठी एकच सापळा पुरेल असा माझा दावा नाही.

रंकाळा_रात्री (रात्री 10:30)

माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेतो. पण मग आपल्याकडे अशी धोक्याची अकाउंट किती आहेत हे शोधायचे कसे?

मंगळवारपेठी (रात्री 10:38)

```
Get-ADUser -Filter 'ServicePrincipalName -like "*"' `
 -Properties ServicePrincipalName,PasswordLastSet,MemberOf,msDS-SupportedEncryptionTypes
```

यादीत krbtgt दिसेल, त्याने घाबरू नका. बाकीच्या नावांत ज्याचा पासवर्ड सर्वांत जुना आणि ज्याचे गट सर्वांत वरचे, तिथून सुरुवात करा. वापरात नसलेल्या सेवेचा एसपीएन अकाउंटवर तसाच राहिलेला असेल, तर तो काढून टाका. एसपीएन नाही म्हणजे या मार्गाने तिकीटही नाही.

रंकाळा_रात्री (रात्री 10:55)

आमच्याकडे सात निघाली. त्यातल्या दोन सेवांचे सर्व्हर भंगारात जाऊन चार वर्षे झाली आहेत.

शिरोली_सिस्टिम (पुढचा रविवार, सकाळी 11:00)

आठवडाभरात काय झाले ते सांगतो, कारण अशा धाग्यांचा शेवट कळत नाही ही माझी जुनी तक्रार आहे.

svc_erp ला पहिल्याच दिवशी 32 अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड दिला. डेटाबेसची सेवा नव्या पासवर्डने सुरू केली, तरी वीसेक संगणकांवर ईआरपी उघडेना आणि एसएसपीआय संदर्भ बनवता येत नाही अशी चूक येत होती. त्यांच्याकडे सकाळची तिकिटे जुन्या किल्लीने बंद केलेली होती आणि डेटाबेसपाशी आता नवी किल्ली होती. `klist purge` ने ती जुनी तिकिटे पुसल्यावर ते मार्गी लागले. पुढच्या वेळी हे काम मी सुट्टीच्या दिवशी, सर्वांनी संगणक बंद केल्यावर करीन.

नंतर मी त्याला डोमेन अॅडमिनच्या गटातून काढले. ईआरपीवाले फोनवर सांगत होते की काहीच चालणार नाही. प्रत्यक्षात एकच गोष्ट बंद पडली: रात्रीचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवरील एका फोल्डरमध्ये लिहिला जात होता, तो लिहिला गेला नाही. त्या एका फोल्डरवर लिहिण्याची परवानगी दिली आणि काम झाले. तेरा वर्षांहून अधिक काळ संपूर्ण डोमेनच्या चाव्या एका फोल्डरसाठी दिलेल्या होत्या.

आता जीएमएसएचा विचार चालू आहे, ज्यात पासवर्ड डोमेन स्वतःच बनवते आणि बदलते. त्याबद्दल कोणी अनुभव सांगेल का?

मंगळवारपेठी (दुपारी 1:20)

एसक्यूएल सर्व्हर 2014 किंवा त्यापुढचा असेल, तर डेटाबेसची सेवा जीएमएसएवर नेता येते. पासवर्ड 240 बाइटचा असतो, माणसाला दिसत नाही आणि नेहमीच्या मांडणीत 30 दिवसांनी बदलतो, म्हणजे संगणकाच्या अकाउंटइतकेच बळ सेवेला मिळते. डोमेनमध्ये पहिल्यांदाच करत असाल, तर हे पासवर्ड जिच्यापासून बनतात ती मूळ किल्ली तयार केल्यानंतर दहा तास थांबावे लागते, सर्व कंट्रोलरपर्यंत ती पोहोचावी म्हणून. अनेक जण पाच मिनिटांत पुढची आज्ञा देतात, चूक येते आणि जीएमएसए चालत नाही असे जाहीर करून मोकळे होतात. आणखी एक काळजी घ्या: एसपीएन जुन्या अकाउंटवरून काढून मगच नव्यावर नोंदवा. तोच एसपीएन दोन ठिकाणी असेल, तर कोणत्या किल्लीने तिकीट बंद करायचे याचा घोळ होतो. `setspn -X` ने अशा जोड्या दिसतात.

शिरोली_सिस्टिम (सायंकाळी 6:45)

आज सकाळी मूळ किल्ली तयार केली आहे, त्यामुळे उद्या पुढचे पाऊल. डेटाबेसला ते चालेल, पण ईआरपीच्या स्वतःच्या सेवेत पासवर्ड टाइप करून दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, म्हणून ती 32 अक्षरांवरच राहील. svc_erp वर एईएसची खूण केली आणि माझ्या संगणकावर आता हे दिसते:

```
KerbTicket Encryption Type: AES-256-CTS-HMAC-SHA1-96
```

एक अडचण मात्र उरली आहे. वजनकाट्याच्या खोलीत जुन्या लिनक्सवर चालणारा एक संगणक डोमेनच्या लॉगिनने ट्रकची वजने डेटाबेसमध्ये लिहितो, आणि त्याला आरसी4 शिवाय काही समजत नाही. तो बनवणारी मंडळी आता त्या धंद्यात नाहीत. त्याच्यासाठी सगळ्या डेटाबेसवर आरसी4 चालू ठेवायचे, की वजने तात्पुरती कागदावर घ्यायची, यावर मालकांशी बोलणे सुरू आहे.

तात्या_नेटवर्क (सायंकाळी 7:02)

त्या वजनकाट्याच्या संगणकाचे घड्याळ तरी पाहून घ्या हो.